कांडीची प्रतिमा किती लांब? आडवे विशालन, खोलीचे विशालन आणि खोली बदललेली का दिसते

प्रश्न: नाभीय अंतर १० सेंमी असलेल्या अंतर्गोल आरशासमोर १० सेंमी लांबीची कांडी मुख्य अक्षावर आडवी ठेवली आहे, तिचे जवळचे टोक ध्रुवापासून २० सेंमीवर आहे. मी कांडीच्या मध्याचे m काढले आणि प्रतिमा ६.७ सेंमी आली. मैत्रिणीने m² घेतले, तिला ४.४ आली. पुस्तकात ५ आहे. आमच्यातले कोण चुकले? आणि ट्रॅक्टरच्या बाजूच्या आरशात मागची उसाची ट्रॉली एवढी चपटी का दिसते, तेही याच्याशीच संबंधित आहे का?

उत्तर:

चूक दोघींचीही आहे, पण ती सारखी नाही. तुम्ही चुकीच्या दिशेचे विशालन वापरले. मैत्रिणीने दिशा बरोबर धरली, पण जे सूत्र फक्त आखूड वस्तूला चालते ते लांब वस्तूला लावले. ट्रॉलीचा प्रश्न याच विषयातला आहे, मात्र त्यात डोळ्याचा एक वेगळा भाग मिसळतो, म्हणून तो मी शेवटी घेतो.

सांगलीत मी बरीच वर्षे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले आणि प्रयोगशाळेत ऑप्टिकल बेंचजवळ उभे राहून हा गोंधळ पुन्हा पुन्हा पाहिला. त्याचे मूळ असे आहे की वर्गात m हे अक्षर आपण नेहमी अक्षाला काटकोनात उभ्या केलेल्या वस्तूसाठी शिकतो. उभी मेणबत्ती, उभी टाचणी, उभा बाण. या वस्तूचा प्रत्येक बिंदू आरशापासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून एकच u, एकच v आणि एकच m पुरते. कांडी अक्षावर आडवी केली की तिच्या प्रत्येक बिंदूचे u वेगळे होते, म्हणून प्रत्येक बिंदूचे m सुद्धा वेगळे होते. अशा वेळी 'कांडीचे m' असे काही उरतच नाही. टोकांची दोन m असतात आणि उत्तर त्या दोघांमधून निघते.

पुढचे सगळे मी वास्तव बाजूची अंतरे धन धरून लिहितो, म्हणजे चिन्हांच्या गर्दीत मुद्दा हरवणार नाही. परीक्षेत मात्र तुमच्या पुस्तकातली कार्टेशियन चिन्हपद्धतीच वापरा.

आरशाचे सूत्र 1/u + 1/v = 1/f. हे सूत्र थोडे फिरवून लिहिले तर (u − f)(v − f) = f² असे होते. कागदावर एकदा स्वतः करून पाहा, तीन ओळींचे काम आहे. या रूपाला न्यूटनचे रूप म्हणतात आणि आपल्या प्रश्नासाठी ते नेहमीच्या रूपापेक्षा कितीतरी सोयीचे आहे, कारण त्यात अंतरे ध्रुवापासून न मोजता नाभीपासून मोजलेली आहेत. वस्तूचे नाभीपासूनचे अंतर x म्हटले आणि प्रतिमेचे नाभीपासूनचे अंतर y म्हटले, तर xy = f², आणि आडवे विशालन, म्हणजे अक्षाला काटकोनात असलेल्या मापाचे विशालन, m = f/x.

आता कांडीची दोन टोके घ्या. जवळचे टोक नाभीपासून x₁ अंतरावर, लांबचे x₂ अंतरावर. त्यांच्या प्रतिमा f²/x₁ आणि f²/x₂ येथे पडतात. या दोन प्रतिमांमधले अंतर म्हणजेच प्रतिमेची लांबी, आणि वजाबाकी केली की ती अशी येते:

प्रतिमेची लांबी = (f/x₁) × (f/x₂) × (x₂ − x₁) = m₁ × m₂ × कांडीची लांबी

म्हणजे खोलीचे विशालन, ज्याला पुस्तकात लॉन्जिट्यूडिनल म्हणतात, ते दोन टोकांच्या आडव्या विशालनांचा गुणाकार असते. यात कुठलेही अंदाजीकरण नाही, कांडी कितीही लांब असो. तुमच्या उदाहरणात जवळचे टोक नाभीपासून १० सेंमीवर आहे, म्हणून m₁ = १. लांबचे टोक २० सेंमीवर, म्हणून m₂ = १/२. गुणाकार १/२, आणि १० सेंमीच्या कांडीची प्रतिमा ५ सेंमी. पडताळा थेट सूत्रानेही होतो: २० सेंमीवरच्या टोकाची प्रतिमा २० सेंमीवर, ३० सेंमीवरच्या टोकाची १५ सेंमीवर, फरक ५.

तुमचे ६.७ कुठून आले तेही आता दिसते. कांडीचा मध्य आरशापासून २५ सेंमीवर, नाभीपासून १५ सेंमीवर, म्हणून तिथले m = १०/१५ = ०.६६७. हे त्या ठिकाणी उभ्या केलेल्या टाचणीचे विशालन आहे. आडव्या कांडीशी त्याचा थेट संबंध नाही. मैत्रिणीने त्याचा वर्ग केला, ०.४४४. ती बरोबर उत्तराच्या जवळ आली, कारण कांडी अगदी आखूड असती तर m₁ आणि m₂ जवळजवळ सारखे झाले असते आणि गुणाकाराचे रूपांतर m² मध्ये झाले असते.

'आखूड' म्हणजे किती आखूड, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेले नसते. नुसते 'वस्तू लहान असल्यास' असे लिहून पुढे जातात. मीही सुरुवातीच्या वर्षांत तसेच शिकवले आणि बेंचवर घेतलेली मापे फळ्यावरच्या उत्तराशी जुळेनात तेव्हा माझ्या लक्षात आले की अट अर्धीच सांगितली होती. कांडीची लांबी u च्या तुलनेत पाहायची नसते, x च्या तुलनेत पाहायची असते, म्हणजे नाभीपासूनच्या अंतराच्या तुलनेत. याच आरशासमोर १ सेंमीची कांडी २५ ते २६ सेंमीवर ठेवा. टोके नाभीपासून १५ आणि १६ सेंमीवर येतात, गुणाकाराने ०.४१६७ मिळते आणि मध्याच्या m² ने ०.४१६२. इथे m² बिनधास्त वापरा. आता तीच १ सेंमीची कांडी ११ ते १२ सेंमीवर आणा. टोके नाभीपासून १ आणि २ सेंमीवर आहेत, गुणाकाराने प्रतिमा ५० सेंमी येते आणि मध्याच्या m² ने ४४.४ सेंमी. कांडी तेवढीच, पण चूक तुमच्या मैत्रिणीच्या उदाहरणातल्या चुकीएवढीच मोठी, शंभरात अकराची. कारण दोन्हीकडे लांबचे टोक नाभीपासून जवळच्या टोकाच्या दुप्पट अंतरावर आहे.

आणखी एक सापळा असा. कांडीचे एक टोक नाभीच्या आत आणि दुसरे बाहेर असेल, उदाहरणार्थ ८ सेंमीपासून १२ सेंमीपर्यंत, तर १२ सेंमीवरच्या टोकाची वास्तव प्रतिमा आरशासमोर ६० सेंमीवर पडते आणि ८ सेंमीवरच्या टोकाची आभासी प्रतिमा आरशामागे ४० सेंमीवर. विद्यार्थी ६० आणि ४० मिळवून 'प्रतिमेची लांबी १०० सेंमी' लिहितात, आणि गंमत नव्हे, गुणाकाराचे सूत्रसुद्धा आकड्याने १०० च देते. पण अशी १०० सेंमीची प्रतिमा कुठेच नसते. नाभीबाहेरचा तुकडा ६० सेंमीपासून पुढे अनंतापर्यंत ताणलेला असतो आणि नाभीआतला तुकडा आरशामागे ४० सेंमीपासून मागे अनंतापर्यंत. आरशाच्या दोन्ही बाजूंचा जो मधला भाग आपण मोजला, नेमका तिथेच प्रतिमेचा एकही बिंदू नाही. म्हणून आडव्या कांडीचे गणित सुरू करताना आधी नाभी कांडीच्या आत पडते का, हे पाहावे. ते ओळखायची खूण चिन्हात आहे: एका टोकाचे x ऋण आणि दुसऱ्याचे धन निघाले, की गुणाकार ऋण होतो आणि तिथेच थांबायचे.

भिंगालाही हाच गुणाकार लागू होतो, कारण भिंगाचे सूत्रही (u − f)(v − f) = f² असेच फिरते, फक्त भिंगात वस्तूकडची नाभी आणि प्रतिमेकडची नाभी वेगवेगळ्या बाजूंना असतात. फरक दिशेचा आहे. वस्तू आरशाकडे सरकली की वास्तव प्रतिमा आरशापासून दूर सरकते, म्हणजे दोघांच्या सरकण्याच्या दिशा विरुद्ध. भिंगात वस्तू उजवीकडे सरकली तर प्रतिमाही उजवीकडेच सरकते. पुस्तकात आरशासाठी −m² आणि भिंगासाठी +m² लिहिलेले असते त्याचा अर्थ एवढाच. सपाट आरशात m = १, म्हणून खोलीचे विशालन −१: खोली जेवढीच्या तेवढी, पण उलटी. सपाट आरशात खोली विकृत दिसत नाही ती याच कारणाने.

इथे एक गोष्ट नेहमी विचारली जाते: गणिताने वर्ग आला हे कळले, पण वर्गच का? मला पटलेले उत्तर शंकूंचे आहे. ५ सेंमी व्यासाचे भिंग घ्या, नाभीय अंतर २० सेंमी, आणि ३० सेंमीवर प्रकाशाचा एक ठिपका. प्रतिमा ६० सेंमीवर, m = २. ठिपक्यापासून भिंगाकडे निघालेला शंकू प्रत्येक ६ सेंमीला १ सेंमी रुंदावतो, आणि भिंगापासून प्रतिमेकडे जाणारा शंकू दर १२ सेंमीला १ सेंमी अरुंद होतो, म्हणजे त्याचा उतार निम्मा आहे. आता ठिपका १ मिलिमीटर मागे सरकवा. पूर्वीच्या जागी त्याचा शंकू १/६ मिलिमीटर रुंद झालेला असेल. ही रुंदी अक्षाला काटकोनात आहे, म्हणून तिचे विशालन m, आणि पडद्यावर तिचा धब्बा १/३ मिलिमीटरचा पडेल. पण पडद्याकडचा शंकू इतका निमुळता आहे की १/३ मिलिमीटर रुंदीचा धब्बा म्हणजे खरे टोक ४ मिलिमीटर दूर. एकदा दोनाने रुंदी वाढली, एकदा दोनाने शंकू लांबला, मिळून चार.

हे बेंचवर पाहायचे असेल तर माळेतले दोन छोटे एलईडी दिवे पुरतात. एका लाकडी पट्टीवर एक लाल आणि एक हिरवा, अक्षाच्या दिशेने ५ सेंमी अंतर ठेवून चिकटवा, पण किंचित बाजूला-बाजूला, म्हणजे पुढचा दिवा मागच्याला झाकणार नाही. २० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगापासून लाल ४० सेंमीवर आणि हिरवा ४५ सेंमीवर ठेवला, की लालची रेखीव प्रतिमा पडद्यावर ४० सेंमीला आणि हिरव्याची ३६ सेंमीला मिळते: ५ सेंमीची खोली ४ सेंमी झाली. आता पट्टी १० सेंमी पुढे सरकवा, लाल ३० वर आणि हिरवा ३५ वर. लालची प्रतिमा ६० सेंमीला जाते आणि हिरव्याची ४६.७ ला. तीच ५ सेंमीची खोली आता १३.३ सेंमी झाली. पट्टी फक्त १० सेंमी सरकली आणि प्रतिमेची खोली तिपटीहून जास्त वाढली, हे डोळ्यांसमोर घडताना पाहिले की सूत्र पाठ करावे लागत नाही.

या प्रयोगात मापे सहसा अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत हुकतात आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रतिमा रेखीव दिसावी म्हणून मुले भिंगावर बारीक भोकाचा पुठ्ठा लावतात. भोक बारीक केले की शंकू फार निमुळता होतो, पडदा एक-दोन सेंटिमीटर पुढेमागे केला तरी प्रतिमा रेखीवच वाटते आणि 'नेमकी जागा' हातातून निसटते. उलट भिंग पूर्ण उघडे ठेवले तर कडेचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात आणि प्रतिमेला धूसर कडा येते. मी साधारण २ सेंमीचे भोक ठेवायला सांगतो, आणि पडदा एकदा भिंगाकडून दूर व एकदा दुरून भिंगाकडे आणून दोन वाचनांची सरासरी घ्यायला लावतो.

आतापर्यंत मोजलेल्या खोलीचे झाले. 'दिसणाऱ्या' खोलीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो बहुतेक उत्तरांमध्ये राहूनच जातो. प्रतिमेची रुंदी m पट आणि खोली साधारण m² पट होते, म्हणून खोलीचे रुंदीशी असलेले प्रमाण m पट बदलते. m एकाहून मोठे असेल तर वस्तू ताणलेली, लहान असेल तर चेपलेली. हे प्रतिमेच्या जागेतले सत्य आहे. पण डोळ्याला प्रतिमेची खोली थेट मोजता येत नाही. त्याला दिशा आणि कोन कळतात, आणि ते डोळा कुठे आहे यावर अवलंबून असतात.

यासाठी मी तांब्याच्या तारेचा २ सेंमी बाजूचा पोकळ घन केला होता. अजूनही माझ्या टेबलाच्या खणात आहे, एका कोपऱ्यातला डाक उसवलेला. २० सेंमी नाभीय अंतराचे, हातात धरायचे मोठे भिंग घ्या. घनाचा पुढचा चौकोन भिंगापासून १० सेंमीवर आणि मागचा १२ सेंमीवर येईल असा तो धरा. दोन्ही नाभीच्या आत आहेत, म्हणून आभासी प्रतिमा त्याच बाजूला पडतात. पुढच्या चौकोनाची प्रतिमा २० सेंमीवर, m = २, म्हणजे ४ सेंमी बाजूची. मागच्याची ३० सेंमीवर, m = २.५, म्हणजे ५ सेंमी बाजूची. खोली २ सेंमीची १० सेंमी झाली, गुणाकाराने २ × २.५ = ५ पट, बरोबर. मागचा चौकोन पुढच्यापेक्षा मोठा झालेला आहे हे लक्षात ठेवा. घनाची प्रतिमा घन राहिलेली नाही, मागे रुंद होत गेलेला, पाचपट खोल सांगाडा झाला आहे.

आता एक डोळा भिंगाला अगदी चिकटवून पाहा. काहीही विकृत दिसत नाही. पुढचा चौकोन २० सेंमीवर ४ सेंमीचा, मागचा ३० सेंमीवर ५ सेंमीचा. त्यांचे कोन, म्हणजे बाजू भागिले अंतर, ०.२ आणि ०.१६७. भिंग काढून त्याच जागेवरून घनाकडे पाहिले तर २ सेंमीचे चौकोन १० आणि १२ सेंमीवर दिसतील, कोन पुन्हा ०.२ आणि ०.१६७. भिंगाच्या मध्यातून जाणारा किरण वळत नाही, म्हणून तिथे ठेवलेल्या डोळ्याला सगळ्या दिशा पूर्वीसारख्याच मिळतात. पाचपट ताणलेली खोली तिथे असूनही एका डोळ्याला ती दिसत नाही. भिंगाचा फायदा एवढाच की एरवी १० सेंमीवर नजर ठरत नाही, ती आता ठरते.

मग डोळा हळूहळू मागे घ्या, भिंग आणि घन जागेवरच. डोळा भिंगामागे २० सेंमीवर आला की पुढची प्रतिमा डोळ्यापासून ४० सेंमीवर आणि मागची ५० सेंमीवर असते: ४/४० आणि ५/५०, दोन्ही ०.१. पुढचा आणि मागचा चौकोन एकमेकांवर तंतोतंत बसलेले दिसतात, जणू घनाला खोलीच नाही. डोळा आणखी मागे, ४० सेंमीवर न्या. आता कोन ४/६० आणि ५/७०, म्हणजे ०.०६७ आणि ०.०७१. मागचा चौकोन पुढच्यापेक्षा मोठा दिसू लागतो, जे उघड्या डोळ्यांनी पाहताना कधीच घडत नाही. घन न हलवता, केवळ डोळा मागे घेतल्याने खोली नेहमीसारखी, मग सपाट, मग उलटी दिसली. चौकोन सारखे दिसण्याची जागा म्हणजे भिंगाची डोळ्याकडची नाभी, हेही यातूनच पडताळता येते. तुमच्या भिंगाचे नाभीय अंतर वेगळे असेल तर ती जागाही तेवढ्याच अंतरावर सरकेल.

दोन्ही डोळ्यांनी पाहिले किंवा डोके डावी-उजवीकडे हलवले तर चित्र आणखी बदलते, कारण तेव्हा डोळा प्रतिमांची खरी जागा पॅरॅलॅक्सने अजमावू लागतो. भिंग डोळ्यांपासून दूर धरून दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यास घन विहिरीसारखा खोल वाटतो, तो हाच पाचपटीचा परिणाम. किती खोल वाटेल हे पाहणाऱ्याच्या सवयीवर, वस्तू ओळखीची आहे की नाही यावरही अवलंबून असते. याचा नेमका आकडा सूत्रातून काढता येत नाही.

आता तुमची ट्रॉली. बाजूचा आरसा बहिर्गोल असतो. वक्रता त्रिज्या गाडीगणिक बदलते. आपण हिशेबापुरती १२० सेंमी धरू, म्हणजे नाभीय अंतर ६० सेंमी. मागच्या ट्रॅक्टरचे नाक आरशापासून ६ मीटरवर आणि ट्रॉलीचे मागचे फळकूट १८ मीटरवर आहे असे समजा. बहिर्गोल आरशात नाभी मागे असल्याने x = u + f होते, म्हणून पुढच्या टोकाचे m = ०.६/६.६ = ०.०९१ आणि मागच्याचे ०.६/१८.६ = ०.०३२. गुणाकार ०.००२९३, आणि १२ मीटरची लांबी आरशामागे फक्त ३.५ सेंमीत मावते. त्याच ठिकाणी २.२ मीटर रुंदीचा पुढचा भाग मात्र २० सेंमी रुंद असतो. खरी वस्तू रुंदीच्या पाचपटींहून लांब, आणि प्रतिमा रुंदीच्या सहाव्या भागाएवढी खोल. चपटी दिसते ती इथे. खरे तर ६ मीटरपासून क्षितिजापर्यंतचा सगळा रस्ता, ऊस, झाडे, मागचे डोंगर, आरशामागे ५४.५ आणि ६० सेंमीच्या मधल्या साडेपाच सेंटिमीटरच्या पट्टीत असतात.

मग एवढी जवळ, आरशामागे अर्ध्या मीटरवर असलेली प्रतिमा चालकाला दूर का वाटते? कारण चालक प्रतिमेची जागा पाहत नाही, आकार पाहतो. त्याचा डोळा आरशापासून ६० सेंमीवर असेल तर ती २० सेंमी रुंदीची प्रतिमा डोळ्यापासून ११४.५ सेंमीवर आहे आणि ०.१७५ चा कोन करते. सपाट आरशात तोच ट्रॅक्टर २.२/६.६, म्हणजे ०.३३३ चा कोन करील. ट्रॅक्टर केवढा असतो हे ठाऊक असलेला चालक ०.१७५ चा कोन पाहून नकळत हिशेब करतो की २.२ मीटरची वस्तू एवढी लहान दिसते म्हणजे ती साडेबारा मीटरवर असावी. प्रत्यक्षात आरशातून जाणारे अंतर ६.६ मीटर असते. अंदाज जवळजवळ दुपटीने चुकतो.

हाच m² वेगालाही लागतो, कारण वेग म्हणजे अत्यल्प वेळात पार केलेली अत्यल्प लांबी, आणि तिथे आखूडपणाची अट आपोआप पाळली जाते. मागून सेकंदाला १० मीटर वेगाने येणारी गाडी ३० मीटरवर असताना तिची प्रतिमा आरशाकडे सेकंदाला ४ मिलिमीटरहूनही हळू सरकत असते. ६ मीटरवर आल्यावर तीच प्रतिमा सेकंदाला ८ सेंटिमीटर सरकते. गाडीचा वेग बदललेला नाही, तरी शेवटच्या काही मीटरांत ती एकदम अंगावर आल्यासारखी वाटते. कारखान्यांच्या हंगामात रस्त्यावर वळण घेण्याआधी आरशात दोनदा पाहायला मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि दुसऱ्यांदा पाहताना अंतर किती दिसते यापेक्षा पहिल्या वेळेपेक्षा गाडी किती मोठी झाली हे पाहायला सांगत असे.